चाळीस गल्ल्या, सेहेचाळीस माल: सोलापूरच्या एका गोडाऊनमधल्या ड्राइव्ह-इन रॅकचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूर-पुणे रस्त्यालगतच्या एका खाद्यमालाच्या डेपोचं आहे. मालक, कंपनी आणि माणसं ओळखू येणार नाहीत एवढी काळजी घेतली आहे, आणि आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. रॅकची मांडणी ठरवण्याचं काम मी करतो. या डेपोत मला बोलावलं ते रॅक बसून आठ महिने झाल्यावर, म्हणजे पहिला निर्णय माझा नव्हता. दुरुस्तीच्या निर्णयांत मात्र मी सहभागी होतो आणि त्यातला एक चुकलाही. तोही पुढे येईल.

पार्श्वभूमी

डेपोत आटा, बिस्किटं, तेल, नमकीन असा माल येतो आणि सोलापूर, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांतल्या वितरकांकडे जातो. एकूण 46 प्रकारचा माल. गाड्यांतून माल सुटा येतो, उतराईच्या दारापाशी हमाल तो लाकडी पॅलेटवर रचतात आणि फोर्कलिफ्ट तो रॅकवर चढवते.

आधी तिथे साधे सिलेक्टिव्ह रॅक होते. एका ओळीत एकच पॅलेट खोल, समोर फोर्कलिफ्टचा रस्ता. कोणतंही पॅलेट कधीही काढता येतं, दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. त्याची किंमत मोजावी लागते ती रस्त्यांत, कारण गोडाऊनची बरीचशी जमीन फोर्कलिफ्ट फिरण्यातच जाते. या डेपोत तशा 480 जागा होत्या. धंदा वाढला, माल दारापर्यंत जमिनीवर थप्प्या लावून ठेवावा लागू लागला आणि दुसरं गोडाऊन भाड्याने घ्यायची वेळ आली.

तेव्हा एका पुरवठादाराने ड्राइव्ह-इन रॅक सुचवले. यात मधले रस्ते जवळपास काढूनच टाकतात. उभ्या खांबांच्या दोन रांगांमध्ये एक गल्ली असते, दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या असतात आणि पॅलेट त्या पट्ट्यांवर टेकतं. फोर्कलिफ्ट त्या गल्लीतच आत शिरते, सगळ्यात मागे पॅलेट ठेवते आणि उलटी बाहेर येते. मागचा उभा स्तंभ खालपासून वरपर्यंत भरला की त्याच्या पुढचा. इथे प्रत्येक गल्ली सहा पॅलेट खोल आणि चार मजले उंच होती, म्हणजे एका गल्लीत 24 पॅलेट. मधल्या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, भिंतींना पाठ लावून, वीस-वीस गल्ल्या बसल्या. एकूण 960 जागा. त्याच छताखाली जागा दुप्पट झाली आणि दुसऱ्या गोडाऊनचं भाडं वाचलं.

दरपत्रकावर जागा किती, हे ठळक होतं. गल्ल्या किती आणि मालाचे प्रकार किती, हे शेजारी शेजारी कुणीच लिहून पाहिलं नव्हतं.

अडचण कशी दिसली

लातूरच्या एका मोठ्या दुकानाने आट्याची गाडी परत पाठवली. पिशव्यांवरची मुदत निम्म्याहून कमी उरली होती आणि त्यांच्या खरेदीच्या अटीत ते बसत नव्हतं. व्यवस्थापकांनी संगणकात पाहिलं. तिथे सगळं व्यवस्थित होतं: माल काढण्याच्या प्रत्येक स्लिपवर सगळ्यात जुन्या बॅचचा नंबर छापलेला, म्हणजे फिफो चोख पाळलेला. आधी आलेला माल आधी बाहेर.

मग आम्ही तीन दिवस दारावर उभं राहून गाडीत चढणाऱ्या प्रत्येक पॅलेटचा बॅच नंबर स्लिपशी ताडून पाहिला. ड्राइव्ह-इन रॅकमधून निघालेल्या मालापैकी निम्म्याहून जास्त पॅलेटवर स्लिपवरचा बॅच नव्हताच. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या दादांना विचारलं तेव्हा त्यांनी काहीही लपवलं नाही. ते म्हणाले, "साहेब, स्लिपवरची बॅच पार मागं बसलीय. ती काढायची म्हटलं तर पुढची वीस पॅलेट बाहेर काढावी लागतात. गाडी तिकडं दारात थांबलीय. पुढं जे आहे तेच काढणार की!"

वीस हा आकडा त्यांनी अंदाजाने सांगितला नव्हता. ड्राइव्ह-इन गल्लीत मागच्या स्तंभापर्यंत जायचं तर पुढचे पाचही स्तंभ चारही मजल्यांवर रिकामे लागतात, कारण फोर्कलिफ्टचा मास्ट, म्हणजे काटे वर-खाली नेणारा पुढचा उंच खांब, उभा असतो आणि वरच्या मजल्यावरचं पॅलेटसुद्धा त्याला आडवं येतं. पाच गुणिले चार, वीस. म्हणजे ही व्यवस्था मुळातच लिफो आहे: शेवटी आलेला आधी बाहेर.

एका रविवारी आम्ही पाच गल्ल्या पूर्ण उपसल्या. नमकीनच्या एका गल्लीत पुढचा माल तीन आठवड्यांचा होता आणि अगदी मागच्या स्तंभातली चार पॅलेट 97 दिवसांची. त्या नमकीनची मुदत 120 दिवसांची. संगणकात त्या बॅचचं एकही पॅलेट शिल्लक नव्हतं, कारण कागदावर ते दोन महिन्यांपूर्वीच विकलं गेलं होतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची. मुदत संपलेला माल नष्ट करणं हे नुकसान आहे, पण ते मोजता येतं. उद्या कंपनीने एखादी बॅच परत मागवली असती, तर ती कोणत्या दुकानात गेली हे या डेपोला सांगताच आलं नसतं. खाद्यसुरक्षेच्या 2011 च्या परवाना नियमांतल्या अनुसूची 4 मध्ये फिफो आणि फेफो, म्हणजे आधी मुदत संपणारा माल आधी काढणं, या पद्धती स्पष्ट लिहिल्या आहेत. इथे त्या फक्त छापील स्लिपवर पाळल्या जात होत्या.

मूळ कारण

पहिल्या बैठकीत सगळ्यांचा सूर एकच होता: ड्राइव्ह-इन लिफो आहे, म्हणून तो खाद्यमालाला चालत नाही. मला ते पटलं नाही. गल्ली पूर्ण भरली आणि पूर्ण रिकामी केल्याशिवाय तिच्यात नवा माल घातला नाही, तर आतला क्रम उलटा असूनही फारसं बिघडत नाही. ग्लुकोज बिस्किटाच्या छोट्या पुड्याचं उदाहरण घ्या. रोज साधारण तीन पॅलेट जातात, म्हणजे 24 ची गल्ली आठ दिवसांत संपते. मुदत सहा महिन्यांची. गल्लीतलं सगळ्यात आधी ठेवलेलं पॅलेट सगळ्यात शेवटी निघालं तरी आठ-नऊ दिवसांचाच फरक पडतो.

तेच गणित नमकीनच्या एका चवीचं मांडा. तीन दिवसांना एक पॅलेट. तीच गल्ली रिकामी व्हायला 72 दिवस. आणि ती कधी रिकामी होतच नव्हती, कारण निम्मी झाली की नवी गाडी यायची आणि रिकामी गल्ली नसल्यामुळे नवा माल जुन्याच्या पुढ्यात बसायचा. मागची चार पॅलेट अशीच अडकली होती.

रिकामी गल्ली का नसायची? गल्ल्या 40 आणि माल 46. प्रत्येक मालाला एक गल्ली देणंसुद्धा शक्य नव्हतं. भरणीची एक आणि काढणीची एक अशा दोन तर दूरच. मोजणीच्या दिवशी रॅकमध्ये 590 पॅलेट होती आणि तरीही सगळे म्हणत होते की गोडाऊन भरलंय. ते खोटं नव्हतं. 370 जागा रिकाम्या होत्या, पण त्या अर्धवट गल्ल्यांच्या तोंडाशी होत्या आणि तिथे दुसरा माल ठेवला की मागचा कोंडला जाणार होता.

यावरून आम्ही या डेपोपुरता एक नियम ठरवला: गल्ली रिकामी व्हायला लागणारे दिवस त्या मालाच्या मुदतीच्या एक दशांशाहून जास्त नकोत. सहा महिन्यांच्या बिस्किटाला 18 दिवस, चार महिन्यांच्या नमकीनला 12, तीन महिन्यांच्या आट्याला 9. एक दशांश हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. दुकानदार किती शिळा माल हरकत न घेता उतरवून घेतात, यावरून तो काढला.

कोणते पर्याय तपासले

सगळे पुन्हा सिलेक्टिव्ह रॅक बसवायचे, तर जागा 480 वर येणार आणि माल 590 पॅलेट. दुसरं गोडाऊन अटळ. हा पर्याय लगेच मागे पडला.

ड्राइव्ह-थ्रू म्हणजे तीच गल्ली, पण दोन्ही तोंडं उघडी: एका बाजूने भरा, दुसऱ्या बाजूने काढा. मालकांना हा फार आवडला होता. पण गल्ल्यांच्या पाठी भिंतींना टेकलेल्या होत्या. मागे फोर्कलिफ्टला साडेतीन मीटरचा रस्ता सोडायचा, तर प्रत्येक गल्लीतले तीन स्तंभ जाणार. शिवाय आतली पॅलेट आपोआप पुढे सरकत नाहीत. काढणीच्या तोंडाशी पोकळी वाढत जाते आणि भरणीचं तोंड भरलेलंच राहतं, म्हणून तिथेही गल्ली संपेपर्यंत थांबावंच लागतं. नाव फिफोचं असलं तरी शिस्त तीच लागते.

पुश-बॅक रॅकमध्ये पॅलेट छोट्या गाड्यांवर बसतात. नवं पॅलेट आधीच्याला मागे ढकलतं आणि पुढचं काढलं की मागचं उतारावरून पुढे येतं. क्रम लिफोच, पण प्रत्येक मजला ही स्वतंत्र गल्ली होते. 24 च्या एका गल्लीऐवजी चार-चार पॅलेटच्या अनेक. मध्यम खपाच्या मालाला हा खरोखर चांगला पर्याय होता. त्या वेळी पैशांमुळे सोडला, आणि तो निर्णय मला अजून पूर्ण पटलेला नाही.

फ्लो रॅक हाच खरा फिफो. प्रत्येक मजल्यावर रोलरची उतरती पट्टी असते. मागून पॅलेट ठेवायचं, ते आपल्या वजनाने घरंगळत पुढे येतं आणि पुढून काढायचं. उतार मीटरमागे साधारण चार सेंटिमीटर, म्हणजे आठ पॅलेटच्या पट्टीत दोन टोकांच्या उंचीत सुमारे एक फुटाचा फरक. वेग आवरायला मधे ब्रेकचे रोलर असतात. यात माणूस चुकू शकत नाही, कारण मागचं पॅलेट काढायला तो तिथे पोहोचतच नाही. पण आमच्या हातातल्या दरपत्रकात एक जागा साध्या रॅकच्या जागेच्या जवळपास चौपट पडत होती, आणि भरणीला व काढणीला दोन्ही बाजूंना रस्ता लागतो.

काय केलं

एकाच प्रकारच्या रॅकवर सगळा माल बसवायचा, हा विचारच सोडला. खप आणि मुदत पाहून मालाचे तीन गट पाडले.

जोरात खपणारे आणि नियमात बसणारे नऊ माल एका बाजूच्या 20 ड्राइव्ह-इन गल्ल्यांत ठेवले. प्रत्येकाला दोन गल्ल्या, एक भरणीची आणि एक काढणीची. दोन गल्ल्या राखीव. गल्लीच्या तोंडाशी लाल-हिरवी पाटी लावली. हिरवी म्हणजे इथून काढा. लाल म्हणजे इथे फक्त भरा. पाटी फिरवायची ती गल्ली पूर्ण रिकामी झाल्यावर, आणि फिरवण्याचा हक्क फक्त पाळीच्या सुपरवायझरला.

दुसऱ्या बाजूच्या 20 गल्ल्या काढून तिथे सिलेक्टिव्ह रॅकच्या तीन ओळी बसवल्या. आतल्या अरुंद रस्त्यात साधी फोर्कलिफ्ट वळत नाही, म्हणून एक रीच ट्रक भाड्याने घेतला. त्याला वळायला एका टोकाला जागा सोडल्यावर 216 जागा मिळाल्या. उरलेले 34 हळू खपणारे माल इथे, सरासरी सहा जागा प्रत्येकी. या बदलाचा एक फायदा आधी डोक्यात नव्हता. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालचा वरचा मजला भाजून निघतो. ड्राइव्ह-इनमध्ये चारही मजल्यांवर एकच माल, त्यामुळे क्रीमच्या बिस्किटांची एक चतुर्थांश पॅलेट पत्र्याला लागूनच असायची. सिलेक्टिव्हमध्ये ती खालच्या दोन मजल्यांवर ठेवता आली.

गल्ल्या काढण्याचं काम डेपोच्या माणसांनी स्वतः करायचं ठरवलं होतं. ते मी थांबवलं. ड्राइव्ह-इनचे खांब पुढून एकमेकांना बांधलेले नसतात, कारण तिथून फोर्कलिफ्ट जाते. सगळा तोल पाठीमागच्या आणि माथ्यावरच्या तिरप्या पट्ट्यांवर असतो. त्या कशाही सोडवल्या तर उभा राहिलेला भाग डोलू लागतो. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाची पहाट सोलापुरातल्या जुन्या माणसांना अजून आठवते, तेव्हा हा मुद्दा पटवायला वेळ लागला नाही. पुरवठादाराच्या अभियंत्याने नवा आराखडा करून दिल्यावरच पहिला बोल्ट सुटला.

तिसरा गट आट्याच्या तीन पॅकचा. खप भरपूर, पण मुदत फक्त तीन महिने आणि सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच. उतराईचं दार आणि रवानगीचं दार यांच्या मधे जिथे जमिनीवर थप्प्या लागत, तिथे चार पट्ट्या रुंद, तीन मजले, आठ खोल असा 96 जागांचा फ्लो रॅक बसवला. एका बाजूने उतराई, दुसऱ्या बाजूने रवानगी, त्यामुळे रस्ते नव्याने करावे लागले नाहीत.

जिथे चुकलो

फ्लो रॅक सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी मधल्या मजल्यावर पॅलेट अडकलं. मागची तीन त्याला टेकून थांबली. एक तरुण हमाल ते ढकलायला रोलरवर चढू पाहत होता. दादांनी त्याला ओरडून खाली उतरवलं म्हणून अनर्थ टळला. प्रत्येकी एक टनाची चार पॅलेट उतारावर असताना मधे माणूस जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

कारण पॅलेटच्या तळाशी होतं. डेपोतली लाकडी पॅलेट वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली. काहींची तळफळी तुटलेली, काहींचा खिळा वर आलेला, काहींच्या तळफळ्या सरकण्याच्या दिशेला आडव्या. रॅकच्या पट्टीवर नुसतं बसून राहायचं असेल तर असं पॅलेट चालतं. रोलरवर धावायचं असेल तर तळफळ्या धावण्याच्या दिशेने सलग आणि सपाट लागतात. मी रॅकची मापं घेतली, मालाचं वजन घेतलं, पण पॅलेट उलटं करून पाहिलं नाही. ही चूक माझी.

एकसारखी 150 पॅलेट वेगळी बनवून घेतली, कडेला निळा रंग दिला, आणि निळ्याशिवाय दुसरं फ्लो रॅकवर चढवायचं नाही असं ठरलं. प्रत्येक भरणीआधी तळ पाहायचा. फुटलेल्या पिशवीतला आटा रोलरच्या बेअरिंगमध्ये आणि ब्रेकवर बसतो, म्हणून दर शनिवारी पट्ट्या झाडून घ्यायच्या. अडकलंच तर पट्टी मागून रिकामी करायची, वर कुणी चढायचं नाही. एकदा वितरकाच्या आग्रहामुळे हलक्या बिस्किटांची पॅलेट या रॅकवर ठेवून पाहिली, तेव्हा ती निम्म्यातच थांबली. ब्रेक आणि उतार टनभर वजनासाठी बसवलेले आहेत, अडीचशे किलोला ते जड जातात.

दुसरा धडा फेफोचा. फ्लो रॅक येण्याचा क्रम पाळतो, मुदतीचा नाही. कंपनीच्या मुख्य गोडाऊनमधून कधी कधी आधीची बॅच नंतर येते. ती मागून भरली तर नव्या मालाच्या मागे अडकते आणि रॅक चोख फिफो पाळूनही जुना माल उशिरा काढतो. म्हणून उतराईच्या दारावर एक फळा लावला आहे: प्रत्येक पट्टीत शेवटी घातलेल्या बॅचची तारीख. येणारा माल त्याहून जुना असेल तर तो फ्लो रॅकवर जात नाही. सिलेक्टिव्हमध्ये राखलेल्या जागी ठेवून आधी तोच काढतात.

निष्पत्ती

कागदावर जागा 960 वरून 792 झाल्या. मालकांना हे सांगताना अवघड गेलं. पण खरी मोजणी अशी: ड्राइव्ह-इनच्या 480 पैकी शिस्त पाळून सरासरी 336 भरतात, सिलेक्टिव्हच्या 216 पैकी 194, फ्लोच्या 96 पैकी 82. एकूण 612. म्हणजे आधी जेवढा माल मावत होता तेवढाच, थोडा जास्तच मावतो, आणि सगळ्यापर्यंत हात पोहोचतो.

बदलाआधी महिन्याला सरासरी तीन पॅलेट माल मुदतीमुळे बाद होत होता. पुढच्या सहा महिन्यांत मिळून दोन झाला, आणि तो दोन्ही वेळा हळू खपणाऱ्या नमकीनचा होता. त्याचं कारण रॅक नव्हतं, मागणीपेक्षा जास्त मागवलेला माल होतं. दारावर पुन्हा तीन दिवस स्लिप ताडून पाहिली. चुकीची बॅच फक्त ड्राइव्ह-इनमध्ये सापडली, आणि तीही दिवाळीआधीच्या आठवड्यात, जेव्हा बिस्किटांची आवक दुप्पट झाली, दोन्ही राखीव गल्ल्या भरल्या आणि कुणीतरी हिरव्या पाटीच्या गल्लीत नवा माल घातला.

पुन्हा करायचं झालं तर

दिवाळीपुरत्या दोनऐवजी चार राखीव गल्ल्या धराव्या लागतील. त्यासाठी त्यातल्या त्यात कमी खपाचा एक माल ड्राइव्ह-इनमधून काढावा लागेल, आणि त्याच्यासाठी पुश-बॅकचा सोडून दिलेला पर्याय पुन्हा तपासायला हवा. तीन-चार पॅलेट खोल पुश-बॅक तेव्हाच घेतला असता, तर हा प्रश्न बहुधा आलाच नसता.

पहिल्याच निर्णयापाशी जायचं, तर रॅक मागवण्याआधी रिकाम्या जमिनीवर खडूने 40 गल्ल्या आखायला हव्या होत्या. प्रत्येक मालाची एक चिठ्ठी, तिच्यावर रोजचा खप, एका गाडीत येणारी पॅलेट आणि मुदतीचे दिवस. मग त्या चिठ्ठ्या गल्ल्यांत मांडायच्या आणि दोन आठवड्यांची आवक-जावक खरीखुरी चालवून पाहायची. आम्ही हे केलं ते सगळं बिघडल्यावर, फोर्कलिफ्टवाल्या दादांना सोबत घेऊन. चिठ्ठ्या मांडताना एकेचाळिसावी हातात आली तेव्हा गल्ल्या संपल्या होत्या. ती चिठ्ठी हातात धरून दादा म्हणाले, "ही कुठं ठेवू?"